पंचवीस ओळींचा फरक

रोशनबी नदाफ शुक्रवारी सकाळी राजारामपुरीतल्या ऑफिसात आली ती चांगल्या मनानं आली. आदल्या दिवशी आजऱ्यात भाच्याचा, सादचा, साखरपुडा झाला होता. येताना तिनं घाटगे सरांसाठी, स्नेहलसाठी आणि शिपाई बाळासोसाठी काजूच्या पुड्या आणल्या होत्या. पुड्या टेबलावर ठेवून तिनं कॉम्प्युटर सुरू केला, फरकाचा तक्ता उघडला आणि खुर्चीत बसायची ती तशीच उभी राहिली.

तक्त्यात पंचवीस ओळी होत्या. बुधवारी संध्याकाळी ती सुट्टीवर गेली तेव्हा या पंचवीस ओळींपुढचा कारणाचा रकाना मोकळा होता. आता प्रत्येक ओळीपुढं एकच वाक्य होतं : ‘उशिरा आलेली नोंद. फरक मान्य.’ आणि त्याच्या पुढं, तपासणाऱ्याच्या नावाखाली, पंचवीस वेळा : रोशनबी नदाफ.

वेळ होती गुरुवार, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. त्या वेळी ती आजऱ्यात नवऱ्या मुलीच्या ओटीत साखर घालत होती.

तिच्या कानशिलांत गरम व्हायला लागलं.

रोशनबीची ही संस्था कोल्हापूर जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींसाठी पिण्याच्या पाण्याचा डॅशबोर्ड चालवते. विहीर, हातपंप, नळयोजना, प्रत्येक स्रोताचं पाणी दर महिन्याला तपासलं जातं आणि निकाल लोकांना दिसेल असा वेबसाइटवर ठेवला जातो. पिण्यायोग्य असेल तर हिरवा ठिपका, नसेल तर लाल. सरपंच बघतात, अंगणवाडीच्या बाया बघतात, आरोग्य केंद्रातले लोक बघतात. जुना डॅशबोर्ड संथ होता, मोबाइलवर नीट उघडत नव्हता. म्हणून स्नेहल चौगुलेनं चार महिने खपून नवा बांधला होता. सोमवारी त्याचं उद्घाटन होतं. हॉल ठरला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या.

नवं लोकांपुढं ठेवायच्या आधी ते जुन्याशी ताडून बघायचं, हे काम रोशनबीचं. एप्रिल महिना संपला होता, त्याचे आकडे मेच्या पहिल्या आठवड्यात जुन्या डॅशबोर्डवर प्रसिद्ध झाले होते. तेच एप्रिलचे नमुने नव्या डॅशबोर्डमधून काढायचे आणि एकेक स्रोत समोरासमोर ठेवायचा. प्रसिद्ध झालेला निकाल एका रकान्यात, नवा निकाल शेजारी. जुळला तर पुढं जायचं. नाही जुळला तर का नाही, ते शोधून लिहायचं. कारण सापडेपर्यंत सही नाही.

हे काम तिच्याकडं सहज आलं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी ती एका प्रयोगशाळेत बाटल्या धुणारी मदतनीस म्हणून लागली. नवरा मौला गवंडीकाम करायचा, घरात दोन लेकरं. बाटल्या धुता धुता ती चिठ्ठ्या वाचायला शिकली, मग नमुने लावायला, मग नोंदी करायला. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिनं दोन बाटल्यांचे नंबर उलटे लिहिले होते. तिथल्या प्रमुख बाई तिला ओरडल्या नाहीत. त्यांनी तिला राधानगरीकडच्या त्या दोन्ही गावांना एसटीनं पाठवलं, पुन्हा नमुने आणायला लावले. भर पावसात, चिखलात दिवस गेला. तेव्हापासून तिच्या हातून नंबर चुकला नव्हता. बारावी तिनं लेकीबरोबर दिली, कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि सहा वर्षांपूर्वी या संस्थेत आली. तिचं नाव जिथं लागलेलं असे, तिथं पुन्हा कुणी बघत नसे. पगारापेक्षा तिला त्याची ऐट होती.

आणि आता तेच नाव पंचवीस ठिकाणी कुणीतरी चिकटवून ठेवलं होतं.

“स्नेहल,” तिनं हाक मारली. आवाज एवढा चढला की बाहेर चहा आणायला निघालेला बाळासो दारातच थांबला. “हे कुणी लिवलं?”

स्नेहल राधानगरीची. हुशार पोरगी, पण आज तिनं मान वर केली नाही. “मॅडम, सरांनी.”

“माझ्या नावानं?”

“त्यांच्याकडं तुमचा पासवर्ड होता.”

होता. रोशनबीनंच दिला होता. गेल्या वर्षी तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा हॉस्पिटलमधून फोनवर सांगितला होता, एक अहवाल छापायचा अडला होता म्हणून. नंतर बदलायचा राहून गेला. सरांचा राग आला त्याच्या निम्मा तिला स्वतःचा आला.

प्रकल्पप्रमुख विजयसिंह घाटगे आपल्या केबिनमध्ये पाहुण्यांची यादी बघत होते. ती दार न वाजवता आत गेली.

“सर, मी काल आजऱ्यात हुतो. मग इथं सही कुणी केली?”

विजयसिंह हसले. वाईट माणूस नव्हता. पण कार्यक्रम जवळ आला की त्यांना कार्यक्रमाशिवाय काही दिसत नसे. “रोशनबी, बसा. अहो, एवढं काय? सोमवारी उद्घाटन आहे. काम अडलं होतं, मी पुढं ढकललं. सिस्टिमनंच हिरवं दिलंय. बघा की.”

त्यांनी स्क्रीन तिच्याकडं वळवली. अकराशे चौऱ्याऐंशी स्रोत, जुन्यातही तेवढेच, नव्यातही तेवढेच. पिण्यास अयोग्य : जुन्यात त्रेसष्ट, नव्यात पन्नास. टक्केवारीत फरक एकाचा. मर्यादा दोन टक्क्यांची. खाली मोठ्या अक्षरात ‘फरक मर्यादेत’.

“तेरानं कमी झालेत. चांगलीच गोष्ट आहे,” विजयसिंह म्हणाले. “प्रयोगशाळांच्या दुरुस्त्या उशिरा येतात, त्या जुन्यात आल्या नसतील.”

“तेरा न्हाय. पंचवीस.”

“काय पंचवीस?”

“एकोणीस लालचे हिरवे झालेत. सहा हिरव्याचे लाल झालेत. वजाबाकी करून तेरा दिसतात. एका गावचं पाणी बिघडलं आणि दुसऱ्या गावचं सुधारलं तर तुमच्या बेरजेत काहीच झालं न्हाय. पण पाणी काय बेरजेनं प्यायचं असतं व्हय?”

“आवाज खाली घ्या.”

“न्हाय घेणार. उशिरा आलेली नोंद म्हणून लिवलंय तुम्ही. कुठली नोंद? कुठल्या तारखेला आली? एक दाखवा.”

विजयसिंहांनी खुर्ची मागं सरकवली. “हे बघा, तुमची भावना मला कळते. पण आता तुम्ही प्रतिष्ठेचा प्रश्न करताय. लिंक मी काल सरपंचांच्या ग्रुपवर टाकलीसुद्धा. सगळ्यांना आवडलंय.”

रोशनबीनं हळू विचारलं, “तपासणी व्हायच्या आधी बाहेर टाकलं?”

“नमुना म्हणून. फक्त बघायला.”

ती बाहेर आली. काजूच्या पुड्या टेबलावर तशाच होत्या; तिनं एक उचलून ड्रॉवरमध्ये घातली. ती सरांसाठीची होती.

मग तिनं कामाला सुरुवात केली. रागाच्या भरात ती नेहमी नीटनेटकी होत असे, मौला घरी म्हणायचा, हिचं डोकं फिरलं की घरातली भांडी चकाकतात. तिनं पहिल्यांदा कच्च्या नोंदी बघितल्या. एप्रिलच्या नोंदी जुन्या डॅशबोर्डवर प्रसिद्ध झाल्या तेव्हा किती होत्या? बाराशे बहात्तर. आज किती? बाराशे बहात्तर. मेच्या पहिल्या आठवड्यानंतर एकाही ओळीत दुरुस्ती नव्हती. म्हणजे उशिरा काहीच आलं नव्हतं. सरांनी पंचवीस वेळा लिहिलेलं वाक्य पंचवीस वेळा खोटं होतं, आणि ते तिच्या नावानं होतं.

“स्नेहल, इकडं ये. माल तोच हाय. नियम बदललास काय?”

“न्हाय मॅडम. महिन्यात एका स्रोताचे दोन नमुने असतील तर शेवटचा धरायचा. जुन्यात तेच, माझ्यात तेच.”

“माल तोच, नियम तोच. मग निकाल दुसरा कसा?”

स्नेहलचा चेहरा उतरला. “मी सरांना बुधवारीच म्हटलं होतं, बघू या म्हणून. ते म्हणाले, मर्यादेत आहे ना, सोड.”

“आणि तू सोडलंस.”

“मॅडम, चार महिने मी घरी नीट जेवले न्हाय ह्याच्यापायी.” तिचे डोळे भरून आले. पण रोशनबीला आज दया येत नव्हती.

“जेव की. कोण नको म्हणतंय? पण आधी ह्या पंचवीस विहिरी सांग.”

दोघी शेजारी बसल्या. पंचवीस स्रोतांच्या कच्च्या ओळी त्यांनी वेगळ्या काढल्या. प्रत्येकाचे दोन नमुने होते. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात वळीव झोडपून गेला होता, गढूळ पाणी विहिरींत शिरलं होतं, म्हणून पुष्कळ गावांनी दुसऱ्यांदा नमुने दिले होते. असे दोन नमुन्यांचे स्रोत एकूण अठ्ठ्याऐंशी. त्यातले त्रेसष्ट एकतर जुळत होते नाहीतर दोन्ही निकाल सारखेच होते. पंचवीसच बिघडले होते.

रोशनबीनं वही घेतली आणि तारखा हातानं उतरवायला लागली. स्नेहल म्हणाली, स्क्रीनवर दिसतंय की. रोशनबी म्हणाली, मला लिहिल्याशिवाय दिसत न्हाय. नऊ आणि एकवीस. तीन आणि सोळा. पाच आणि एकोणीस. आठ आणि सत्तावीस. चार आणि अठरा. बारावी ओळ लिहिताना तिचं पेन थांबलं.

“पैला नमुना सगळीकडं नऊ तारखेपतोर. दुसरा धा तारखेच्या म्होरं. एकबी अपवाद न्हाय.”

“पण मॅडम, दोन आणि चोवीस तारखेचा एक स्रोत बरोबर आलाय,” स्नेहल म्हणाली, आणि बोलता बोलताच तिला शंका आली. तिनं आपला कोड उघडला. दोन मिनिटं ती नुसती बघत राहिली. मग कपाळावर हात मारला.

“तारीख अक्षर म्हणून वाचली जातेय. आकडा म्हणून न्हाय, तारीख म्हणूनबी न्हाय. अक्षर.”

“म्हंजे?”

“मोबाइलवर नोंद करणारे नऊ एप्रिल असं लिहितात : नऊ, तिरकी रेघ, चार. आधी शून्य न्हाय. जुन्या डॅशबोर्डमध्ये ती आधी तारखेत बदलली जायची. माझ्यात ती पायरी राहिली. आता कॉम्प्युटर पहिलं अक्षर बघतो. नऊ आणि एकवीस, तर नऊ मोठा की दोन? नऊ. म्हणून त्याला नऊ तारीख एकवीसच्या नंतरची वाटतेय. दोन आणि चोवीसमध्ये पहिलं अक्षर सारखं, म्हणून ते नशिबानं वाचलं.”

“म्हंजे वळवानंतर पाणी खराब झालं, आणि तुझा डॅशबोर्ड वळवाच्या आधीचं दाखवतोय.”

स्नेहलनं मान हलवली.

रोशनबीनं यादीवर बोट फिरवलं. सातव्या ओळीवर ते थांबलं. शाहूवाडी तालुका, मलकापूरच्या पुढं डोंगराच्या कडेला कासारमाळवाडी. सार्वजनिक विहीर. नऊ एप्रिल : योग्य. एकवीस एप्रिल : अयोग्य. जुन्या डॅशबोर्डवर लाल. नव्यावर हिरवी. त्या विहिरीचा अहवाल गेला तेव्हा गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या जलसुरक्षकाशी, गुंडूशी, ती स्वतः बोलली होती. विहिरीच्या कठड्याला भेग पडली होती, गोठ्याकडचं पाणी आत झिरपत होतं. दुरुस्ती होऊन पुन्हा नमुना येईपर्यंत पाणी प्यायचं नाही, असा फलक त्यानं लावला होता.

तिनं फोन लावला.

“गुंडूभाऊ, विहिरीचा फलक हाय नव्हं?”

“न्हाय की ओ ताई,” पलीकडून गुंडू म्हणाला. “काल सांजच्याला सरपंचांनी काढाय लावला. त्यांच्या मोबाइलवर आलंय म्हणं, तुमच्याच हापिसातनं. हिरवं दावतंय म्हणं. मी म्हटलं, कठडा अजून तसाच हाय, हिरवं कसं हुईल? तर म्हणाले, कोल्लापूरच्या म्याडमनी सही केलीय, तू त्यांच्यापरीस श्याना हाईस काय?”

“लोकांनी पाणी भरलं?”

“सकाळधरनं भरत्यात की. नळाला चार दिसानं पाणी येतंय, मग काय करतील?”

“गुंडूभाऊ, आत्ताच्या आत्ता फलक लावा. आणि घरोघर सांगा, भरलेलं वतून द्या न्हायतर उकळून घ्या. सरपंचांना सांगा, रोशनबीनं सही केलेली न्हाय. मी जिवंत हाय आणि मी सही केलेली न्हाय.”

फोन ठेवल्यावरही गुंडूचे शब्द तिच्या कानात राहिले. कोल्हापूरच्या मॅडमनी सही केली. तिला कधी न पाहिलेल्या बायका तिच्या नावाच्या भरवशावर ते पाणी हंड्यात भरत होत्या, पोरांच्या बाटल्यांत ओतत होत्या.

ती उठली, वही घेतली आणि पुन्हा केबिनमध्ये गेली. या वेळी स्नेहल मागोमाग आली. दार उघडंच राहिलं.

“सर, तारखेची चूक हाय. ही वही बघा. पंचवीसच्या पंचवीस. आणि कासारमाळवाडीत तुमची लिंक बघून काल फलक काढला. लोक पाणी पित्यात.”

विजयसिंहांनी वही बघितली. एकदा, दोनदा. चेहऱ्यावरचा रंग उडाला. पण माणूस सवयीनं बोलला. “ठीक आहे. स्नेहल, दुरुस्त करून टाक. सोमवारच्या आत होईल ना? हे बाहेर बोलायची गरज नाही. चूक सापडली, विषय संपला.”

तेव्हा रोशनबी भडकली. पुढं कैक दिवस ऑफिसात तिच्या त्या बोलण्याची आठवण निघत असे.

“विषय संपला? माझं नाव पंचवीस जागी खोटं लागलं, त्याचं काय? बावीस वर्षं बाटल्या धुऊन कमावलंय मी ते. तुमच्या बापजाद्यांनी दिलेलं न्हाय. मला तुम्ही म्हटला असता, रोशनबी, घाई हाय, तर रातभर बसलो असतो मी. पण तुम्हाला तपासणी नकोच हुती. तुम्हाला नाव पायजे हुतं. शिक्का पायजे हुता. आणि त्या शिक्क्यानं लोकांनी गोठ्याचं पाणी प्यायलं!”

“रोशनबी, मी माफी मागतो. झालं?”

“मला माफी नको. तुमच्या माफीनं विहीर साफ हुत न्हाय. फोन उचला. त्या सरपंचाला तुम्ही स्वतः सांगा, की लिंक चुकीची हुती, मी टाकली, आणि सही खोटी हुती. माझ्यासमोर. आत्ता.”

“हे जरा जास्त होतंय.”

“मग मी करतो फोन. सरपंचांच्या सगळ्या ग्रुपवर लिवतो. आणि संस्थेच्या कमिटीला हा तक्ता पाठवतो, कालच्या बारा वाजून धा मिनिटाच्या वेळेसकट.”

बाहेर बाळासो चहाची किटली धरून उभा होता. स्नेहल भिंतीकडं बघत होती, मग ती म्हणाली, “सर, पंचवीस गावं आहेत. लिंक सगळ्यांकडं गेलीय.” तिचा आवाज बारीक होता, पण ती म्हणाली.

विजयसिंहांनी फोन उचलला. कासारमाळवाडीचे सरपंच हंबीरराव भडक माणूस. त्यांचा आवाज फोनमधून टेबलापर्यंत ऐकू येत होता. “आमची पोरं काय तुमच्या उद्घाटनाचे नारळ हायत व्हय फोडाय?” असं काहीतरी ते ओरडले. विजयसिंह ‘हो’, ‘चूक झाली’, ‘माझीच’ एवढंच म्हणत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. रोशनबी टेबलासमोर उभीच होती. तिला बरं वाटत नव्हतं. माणसाला असं वाकवून आनंद होईल असं तिला घडीभर वाटलं होतं, पण झाला नाही. राग मात्र तेवढाच राहिला.

एक झाला, मग दुसरा. उरलेले फोन विजयसिंह आणि रोशनबीनं वाटून घेतले. लिंक बंद केली. आणखी एका गावात फलक काढायची तयारी झाली होती, ती थांबली. ज्या सहा गावांचं पाणी सुधारून हिरवं झालं होतं आणि नव्यात लाल दिसत होतं, तिथले सरपंच वेगळेच पेटले होते. त्यातल्या एकानं रोशनबीला दहा मिनिटं सुनावलं. तिनं ऐकून घेतलं. तिची चूक नव्हती, पण ती ऐकून घेणं तिचंच काम होतं, आणि याचाही तिला संताप आला.

स्नेहलनं तारखेची पायरी घातली आणि एप्रिल पुन्हा काढला. रोशनबीनं पुन्हा ताडला. अकराशे चौऱ्याऐंशी ओळी, फरक शून्य. तिनं तेवढ्यावर सोडलं नाही. जानेवारी, फेब्रुवारी, मार्चही काढायला लावले. फेब्रुवारीत दोन ओळी जुळल्या नाहीत. त्या शोधल्या तर त्यात खरोखरच प्रयोगशाळेची उशिरा आलेली दुरुस्ती होती, पत्रासकट. तिथं तिनं कारण लिहिलं, पत्राचा नंबर लिहिला आणि नव्या पासवर्डनं स्वतःची सही केली.

सोमवारचं उद्घाटन गुरुवारवर गेलं. पत्रिका फुकट गेल्या, हॉलवाल्यानं कुरकुर केली. कमिटीपुढं रोशनबीनं तक्ता ठेवलाच. तिथं तिनं दोनच मागण्या केल्या : बंद झालेल्या महिन्याची एक ओळ जरी बदलली तरी सिस्टिमनं बेरजेची मर्यादा न बघता लाल दाखवायचं, आणि तपासणी झाल्याशिवाय लिंक ऑफिसबाहेर जाणार नाही. दोन्ही मान्य झाल्या. विजयसिंहांना लेखी ताकीद मिळाली. ते त्याच खुर्चीत राहिले. पुढचे कैक दिवस ते तिच्याशी कामापुरतं बोलत, आणि तीही.

कासारमाळवाडीत आठ जणांना जुलाब झाले. मलकापूरच्या दवाखान्यात सलाइन लावून सगळे घरी आले. हे त्याच पाण्यानं झालं की आणखी कशानं, ते कुणी ठामपणे सांगितलं नाही. बयाबाई नावाच्या सत्तरीच्या म्हातारीला तीन दिवस ठेवावं लागलं.

गुरुवारी हॉलमध्ये भाषणं चालली होती, तेव्हा रोशनबी तिथं नव्हती. तिनं रीतसर रजा टाकली होती आणि मलकापूरच्या एसटीत बसली होती. कासारमाळवाडीत बयाबाई आपल्या घरी खाटेवर बसून चहा पीत होती. रोशनबीनं आपलं नाव सांगितलं, आणि जे घडलं ते काही न झाकता सांगितलं.

म्हातारीनं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “तू सही केलीच न्हवतीस, मग तू कशापायी आलीस?”

“नाव माझं हुतं,” रोशनबी म्हणाली.

“ज्येचा हात हुता त्यो आला न्हाय व्हय?”

“न्हाय.”

“मग त्येला जाऊन सांग,” बयाबाई म्हणाली, आणि पुढं जे बोलली ते छापण्यासारखं नव्हतं. रोशनबीनं ते शब्द न् शब्द लक्षात ठेवलं. शुक्रवारी सकाळी ती केबिनचं दार वाजवून आत गेली आणि एकही शब्द न गाळता विजयसिंहांना सांगितलं.